माल पोचला, पण स्वीकारला केव्हा?

१९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. जिल्हे वेगळे झाले तरी कारखानदारीचे धागे तुटले नाहीत. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला, तेव्हापासून या टापूत ओतकाम आणि लेथकाम रुजले. आज मोठा कारखाना सुटे भाग लहान कारखान्याकडून करवून घेतो. या दोघांमधला दुवा म्हणजे ऑर्डरचा कागद. कामगार चळवळीत वावरताना आम्हांस असे दिसून आले आहे की, लहान कारखान्यातला पगार थकतो तेव्हा त्याचे मूळ पुष्कळदा या कागदात सापडते.

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगलीच्या एका कारखान्याला साताऱ्याहून पंपाच्या २०० ब्रॅकेटांची ऑर्डर मिळाली. दर नगाला ४५० रुपये, म्हणजे एकूण ९०,००० रुपये. अट एवढीच की, ‘माल स्वीकारल्यापासून ३० दिवसांत पैसे.’ ३ जूनला माल पोचला व चलनावर गेटचा शिक्का बसला. तपासणी झाली २४ जूनला. तीत १४ नगांचे भोक मोठे निघाले. ते बदलून १० जुलैला दिले गेले. आता ३० दिवस कोठून मोजावयाचे? सांगलीवाला म्हणतो, ३ जूनपासून; पैसे ३ जुलैला हवेत. सातारवाला म्हणतो, सगळा माल १० जुलैला पुरा झाला. पैसे ९ ऑगस्टला. फरक ३७ दिवसांचा! कामगारांचा पगार मात्र ७ जुलैच्या आत द्यावाच लागतो. ६,३०० रुपयांच्या सदोष मालापायी चांगल्या मालाचे ८३,७०० रुपये अडकून पडले.

दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. ‘पोचणे’ आणि ‘स्वीकारणे’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेच कागदाने सांगितलेले नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे खरेदीदाराला माल पाहण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे. तो माल स्वीकारल्याचे कळवील, आपला समजून वापरील, किंवा नकार न कळवता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेईल, तर माल स्वीकारला असे धरतात. परंतु ‘वाजवी’ म्हणजे किती दिवस? भांडण नेमके तेथेच उभे राहते.

दुसरे भांडण मापाचे. ड्रॉइंगवर भोक ४० मिलिमीटर आणि सूट ०.०२५ मिलिमीटरची. सांगलीला ते साध्या व्हर्नियरने मोजले. तो ०.०२ पर्यंतच वाचतो. एवढ्या बारीक सुटीचा निवाडा त्याने होत नाही. साताऱ्यास मात्र प्लग गेज घातले. म्हणून कोणत्या गेजने, किती नग आणि कोठे तपासावयाचे, हे ऑर्डरमध्येच लिहावे. ओतकामातील आतला फुगा वरून दिसत नाही, तो पुढच्या कातकामात उघडा पडतो. अशा छुप्या दोषासाठी वेगळी मुदत ठेवावी.

पुरवठादार सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ चा कायदा त्याच्या मदतीस येतो. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस. आपल्या उदाहरणात हरकत एकविसाव्या दिवशी आली. तेव्हा ३ जून हीच तारीख धरावी लागेल. ठरलेली मुदतही स्वीकारापासून ४५ दिवसांहून अधिक चालत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. सदोष नगांबद्दल भरपाई मागण्याचा खरेदीदाराचा हक्क मात्र एवढ्याने आपोआप बुडत नाही.

तरीही तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल, या भीतीने लहान कारखानदार गप्प बसतो. म्हणून कायद्याकडे धाव घेण्यापूर्वीच कागद नीट असावा. त्यात आमच्या मते एवढे असावे: गेटच्या शिक्क्याची तारीख ही पोचल्याची तारीख, तपासणी सात दिवसांत, नाकारलेल्या नगांची संख्या व कारण लेखी, मुदतीत नकार आला नाही तर माल स्वीकारला, चांगल्या नगांचे पैसे पोचल्यापासून ३० दिवसांत, आणि बदललेल्या नगांपुरतीच मुदत नव्याने. नाकारलेला माल परत नेण्याचे भाडे कोणाचे, हेही लिहावे. कारण वेगळे ठरले नसेल तर तो परत पाठविण्याचे बंधन खरेदीदारावर नाही, नाकारल्याचे कळविले की पुरे.

या अटी असत्या, तर ८३,७०० रुपये ३ जुलैला हाती आले असते, आणि वाद उरला असता तो फक्त चौदा नगांचा.