अर्जातला 'विषय' आणि 'संदर्भ' नीट लिहा. दहा वर्षांनीही फाइल सापडेल

'विषय : मोबदला मिळणेबाबत.' सरकारी कार्यालयांत असे अर्ज रोज येतात. आवक नोंदवहीत बहुतेक वेळा हीच ओळ उतरवली जाते. पुढे कोणी विचारणा केली, की त्या पानावर 'मोबदला मिळणेबाबत' अशा अनेक नोंदी दिसतात. त्यातली आपली कोणती, हे कळत नाही.

परभणी जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. समजा, सेलू तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या आजोबांची जमीन निम्न दुधना प्रकल्पासाठी संपादित झाली आणि मोबदला राहिला. नातवाने विषय असा लिहावा :

'मौजे (गाव), ता. सेलू, गट क्र. 112 (जुना सर्व्हे क्र. 48), तत्कालीन खातेदार (आजोबांचे नाव) यांच्या निम्न दुधना प्रकल्पासाठी संपादित 0.80 हेक्टर जमिनीचा मोबदला न मिळाल्याबाबत.'

जुना क्रमांक कशाला?

एकत्रीकरणानंतर सर्व्हे क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले. जुने कागद सर्व्हे क्रमांकावर असू शकतात. संपादनाची फाइलही नातवाच्या नव्हे, आजोबांच्या नावाने असते. म्हणून दोन्ही क्रमांक आणि जुने नाव हवे.

संदर्भात काय लिहायचे?

'आपले पत्र' किंवा 'यापूर्वीचा अर्ज' एवढे पुरत नाही. संदर्भ असे द्या :

1) माझा अर्ज, दि. 12/06/2023, आवक क्र. 1845, दि. 14/06/2023
2) आपले पत्र जा.क्र. 2023/भूसं/कावि-412, दि. 03/08/2023

यात 'भूसं' म्हणजे भूसंपादन शाखा आणि 'कावि' म्हणजे कार्यविवरण. हा क्रमांक संबंधित लिपिकाच्या कार्यविवरण नोंदवहीपर्यंत नेतो. आवक क्रमांक साधारणपणे दर वर्षी पुन्हा 1 पासून सुरू होतो. त्यामुळे तारखेशिवाय 1845 हा आकडा निरुपयोगी ठरतो. अर्जावरची तारीख आणि आवक शिक्क्यावरची तारीख वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही लिहा. शिक्का मारलेली पोच जपून ठेवा. आवक क्रमांक तिच्यावरच मिळतो.

एका पत्रात एकच विषय

मोबदला, वारस नोंद आणि रस्ता या तीन मागण्या एकाच अर्जात केल्या, तर तो एकाच शाखेकडे जातो आणि बाकीच्या मागण्या त्याच फाइलमध्ये अडकतात. तीन अर्ज वेगळे द्या.

मर्यादा काय?

काम संपलेल्या फाइलचे वर्गीकरण होते. 'अ' वर्गाची फाइल कायम राहते, 'ब' 30 वर्षे, 'क' 10 वर्षे, 'क-1' 5 वर्षे, तर 'ड' 1 वर्ष. मुदतीनंतर नष्ट केलेली फाइल अचूक संदर्भानेही परत येत नाही. मात्र 'आढळून येत नाही' असे उत्तर आले, तर नेमका क्रमांक आणि तारीख देऊन माहिती अधिकारात दोन गोष्टी मागता येतात : आवक नोंदवहीतील त्या नोंदीची प्रत आणि नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी.