एका स्विचवर चौघांचा खेळ

निन्टेन्डो स्विचला एका वेळी जास्तीत जास्त 8 वायरलेस कंट्रोलर जोडता येतात. मात्र प्रत्येक जॉय-कॉन स्वतंत्र कंट्रोलर धरला जातो. खेळाडूने डावा-उजवा असे दोन्ही हाती घेतले तर दोन जागा जातात आणि 8 ऐवजी चौघेच खेळू शकतात.

खरी अडचण हेडफोनची. 2021 पासून स्विचला ब्लूटूथ हेडफोन चालतो, पण एकच, आणि त्याचा माइक चालत नाही. शिवाय तो जोडलेला असेपर्यंत वायरलेस कंट्रोलर दोनच राहतात. तिसरा जोडला जात नसेल, तर आधी हेडफोन तपासावा. चौघांसाठी आवाज टीव्हीवरच ठेवणे उत्तम.

समजा, चौघांना ‘मारिओ कार्ट 8 डिलक्स’ खेळायचे आहे. त्यात एकेक जॉय-कॉन आडवा धरून खेळता येते, म्हणून दोन जोड्या पुरतात. `Change Grip/Order` या पडद्यावर प्रत्येकाने आपापल्या जॉय-कॉनची एसएल आणि एसआर बटणे एकत्र दाबावीत. पाचवा आला तर कंट्रोलर उरूनही उपयोग नाही, कारण हा खेळ एका कन्सोलवर चौघांनाच घेतो. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’मध्ये मात्र आठही जण उतरू शकतात.