नळाची मोटर आणि आमचा अग्रलेख

आमच्या बचत गटांचं भित्तिपत्रक दर महिन्याला गावात लागतं. त्यात एक अग्रलेख असतो. अग्रलेख म्हणजे बातमी नव्हे, तर गावच्या एखाद्या प्रश्नावर आपण सगळ्यांनी मिळून घेतलेली भूमिका. ती कशी मांडायची, हे आम्ही नळाच्या मोटरीवरून शिकलो.

आमच्याकडे सकाळी तासभर पाणी येतं. काही घरं नळालाच मोटर जोडतात आणि शेवटच्या गल्लीत हंडा भरत नाही. पहिल्या वेळी आम्ही लिहिलं, ‘पाण्याचा प्रश्न गंभीर आहे, सर्वांनी विचार करावा.’ ते वाचून कुणाला काहीच करावं लागलं नसतं. मग ते खोडून एकच वाक्य लिहिलं : ‘पाणी सुटतं त्या वेळेत नळाला मोटर लावणं ग्रामपंचायतीनं बंद करावं.’ काय व्हावं आणि कुणी करावं, दोन्ही त्यात आलं. नाव मात्र एकाही घराचं घातलं नाही, नाहीतर लेखाचं भांडण झालं असतं.

भूमिकेखाली पुरावा हवा. आम्ही शेवटच्या नळावर घड्याळ घेऊन बसलो. एरवी हंडा भरायला 9 मिनिटं लागत होती. वीज गेली त्या दिवशी 3 मिनिटांत भरला.

आता विरोधी बाजू. ‘सगळेच लावतात’ याला उत्तर देणं सोपं होतं, पण ते खरं म्हणणं नव्हतं. वरच्या आळीतल्या काकू म्हणाल्या, “आमचं घर चढावर. मोटर काढली तर थेंब येत नाही. पाणीपट्टी आम्ही पण भरतो.” हे आम्ही त्यांच्याच शब्दांत लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “हां, हेच म्हणणं आहे माझं.” तेव्हाच आम्ही उत्तर लिहायला घेतलं.

आधी जे खरं ते कबूल केलं : चढावर दाब कमीच पडतो. मग लिहिलं, की मोटर पाणी वाढवत नाही, ती शेजारणीच्या वाट्याचं ओढते. दाब आणखी उतरतो, म्हणून पुढचं घरही मोटर आणतं. शिवाय त्या ओढीनं पाइपाच्या गळक्या जोडातून गटाराचं पाणी आत शिरू शकतं, आणि ते मोटरवालीच्याच हंड्यात येतं.

तरी काकूंच्या पाण्याचं काय, हे उरलंच. म्हणून आम्ही मागणीच बदलली : आधी व्हॉल्व्ह बसवून वरच्या आळीला पाण्याची वेगळी वेळ द्या, मग मोटरबंदी करा. समोरचीच्या प्रश्नाला उत्तर सापडत नसेल, तर आपली भूमिका दुरुस्त करायची असते. तो प्रश्न लेखातून गाळायचा नसतो.

हा लेख महिला सभेत वाचला. व्हॉल्व्ह अजून बसायचा आहे. पण ठरावावर काकूंचीही सही आहे.