दोन भिंगांची जोडी : अंतर मोजायचे कुठून?

हुडकेश्वर रस्त्यावरच्या एखाद्या चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायला बसलेल्या माणसाच्या नाकावर ट्रायल फ्रेम चढते आणि तिच्या खाचांत एकापुढे एक भिंगे सरकवली जातात. प्लस दोनच्या पुढे प्लस एक बसवून अक्षरे स्पष्ट दिसली, की कागदावर प्लस तीन लिहिले जाते. या बेरजेचे कारण साधे आहे. पहिल्या भिंगाने तयार केलेली प्रतिमा हीच दुसऱ्या भिंगाची वस्तू असते. म्हणून पहिल्यासाठी 1/v₁ − 1/u = 1/f₁ आणि दुसऱ्यासाठी 1/v − 1/v₁ = 1/f₂ असे लिहायचे. दोन्हींची बेरीज केली की मधली प्रतिमा, म्हणजे v₁, गळून पडते आणि 1/F = 1/f₁ + 1/f₂ एवढेच उरते. v₁ गळून पडू शकते, कारण भिंगे चिकटलेली आहेत. पहिल्यापासून मोजलेले अंतर आणि दुसऱ्यापासून मोजलेले अंतर तेव्हा एकच असते. F हा एकटा आकडा प्रतिमा कुठे पडेल हेही सांगतो आणि ती केवढी असेल हेही. भिंगे वेगळी केली की ही सोय जाते. F तरीही काढता येतो, पण तो कुठून मोजायचा हे ठाऊक नसेल तर त्याच्यावरून प्रतिमेची जागा सापडत नाही.

ट्रायल फ्रेममधली भिंगे तरी कुठे चिकटलेली असतात, असा आक्षेप इथे कोणी घेईल आणि तो रास्त आहे. दोन खाचांत काही मिलिमीटरची फट असतेच. अंतर d असेल तर पूर्ण सूत्र 1/F = 1/f₁ + 1/f₂ − d/(f₁f₂) असे आहे. शक्तीच्या भाषेत बोलायचे तर बेरजेतून d गुणिले दोन्ही शक्तींचा गुणाकार वजा होतो, d मात्र मीटरमध्ये घ्यायचा. फट 3 मिलिमीटर आणि भिंगे प्लस दोन व प्लस एक असतील तर ही वजाबाकी 0.006 डायॉप्टर भरते. चष्म्याचे नंबर पाव डायॉप्टरच्या पायरीने बदलतात, त्यामुळे ती कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच फटीत दोन्ही भिंगे प्लस दहाची ठेवली तर वजाबाकी 0.3 डायॉप्टरवर जाते, म्हणजे एका पायरीहून जास्त. साधी बेरीज चालते ती फट आणि शक्ती दोन्ही लहान असतात तोवरच.

आता अशी जोडी घेऊ की जिच्यात अंतराकडे दुर्लक्ष करताच येणार नाही. 20 सेंटिमीटर नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग पुढे आणि 10 सेंटिमीटरचे अंतर्वक्र भिंग मागे. दोन्ही चिकटवली तर F उणे 20 येतो आणि जोडी प्रकाश पसरवते. त्यांच्यात 10 सेंटिमीटर अंतर ठेवले तर 1/F शून्य होतो. समांतर आलेले किरण समांतरच बाहेर पडतात आणि गॅलिलिओच्या धाटणीची दुप्पट मोठे दाखवणारी दुर्बीण हातात येते. अंतर 15 केले तर F अधिक 40 होतो, म्हणजे तीच जोडी आता प्रकाश एकत्र आणते. काच तीच आहे, बदलले ते फक्त अंतर.

या 15 सेंटिमीटरच्या मांडणीत पहिल्या भिंगापुढे 120 सेंटिमीटरवर मेणबत्ती ठेवू. पहिले भिंग एकटे असते तर प्रतिमा त्याच्या मागे 24 सेंटिमीटरवर पडली असती. पण वाटेत 15 वर दुसरे भिंग आहे. त्याच्यावर येणारे किरण त्याच्या मागे 9 सेंटिमीटरवर मिळायला निघालेले असतात, म्हणून त्याच्यासाठी ही आभासी वस्तू आहे आणि तिचे अंतर अधिक 9 घ्यायचे. चुका सर्वांत जास्त होतात त्या इथेच. सवयीने उणे चिन्ह पडते आणि पुढचे सगळे गणित उलटते. 1/v = 1/9 − 1/10, म्हणून v 90 सेंटिमीटर. पहिल्या भिंगाने प्रतिमा उलटी आणि एक-पंचमांश केली, दुसऱ्याने ती दहापट केली. पडद्यावर ती उलटी आणि वस्तूच्या दुप्पट दिसते. हेच कोणी थेट F = 40 आणि u = −120 घालून सोडवले तर v 60 येतो आणि प्रतिमा निम्मी निघते. ऑप्टिकल बेंचवर पडदा दुसऱ्या भिंगामागे 60 सेंटिमीटरवर नेला तर नुसता धुरकट डाग दिसेल.

सूत्र खोटे नाही, मोजपट्टीचा शून्य चुकीच्या जागी ठेवला गेला आहे. 40 हा आकडा कोणत्याही भिंगापासून नव्हे, तर जोडीच्या मुख्य प्रतलांपासून मोजायचा असतो. वस्तूच्या बाजूचे प्रतल पहिल्या भिंगापासून Fd/f₂ इतके अंतर राखते. इथे ते उणे 60 येते, म्हणजे भिंगाच्याही 60 सेंटिमीटर पुढे. प्रतिमेच्या बाजूचे प्रतल दुसऱ्या भिंगापासून −Fd/f₁ वर, म्हणजे 30 सेंटिमीटर पुढे पडते. दोन्ही प्रतले जोडीच्या बाहेर, मोकळ्या हवेत आहेत. मेणबत्ती पहिल्या प्रतलापासून 60 वर आहे, म्हणून प्रतिमा दुसऱ्या प्रतलापासून 120 वर, म्हणजे दुसऱ्या भिंगामागे 90 वर. दोन्ही वाटांनी उत्तर एकच आले, आकारही दुप्पटच. कॅमेऱ्याच्या टेलिफोटो भिंगाची लांबी त्याच्या नाभीय अंतरापेक्षा कमी असू शकते ती याच रचनेमुळे. आपल्या जोडीत दूरची वस्तू दुसऱ्या भिंगामागे फक्त 10 सेंटिमीटरवर उमटते, तिचा आकार मात्र 40 सेंटिमीटरच्या भिंगाइतका असतो.

मग एकेक भिंग घेत पुढे सरकणे पुरते, F काढण्याचा खटाटोप कशाला, असे विचारता येईल. जागेपुरते ते खरे आहे. पण दूरच्या वस्तूची प्रतिमा केवढी असेल हे F ठरवतो, आणि याची किंमत एकेकाळी मोतीबिंदूच्या रुग्णांनी मोजली. डोळ्यातले नैसर्गिक भिंग काढून टाकल्यावर साधारण प्लस दहाचा जाड चष्मा लागे. चष्म्याचे भिंग आणि डोळा ही वेगळी ठेवलेली जोडीच आहे, मधले अंतर सुमारे 12 मिलिमीटर. हाच नंबर बुबुळावर बसणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सने द्यायचा तर 10 ला (1 − 0.012 × 10), म्हणजे 0.88 ने भागावे लागते आणि तो 11.36 होतो. दोन्ही उपायांत प्रतिमा नेमकी दृष्टिपटलावरच पडते. पण जोडीचे सूत्र लावले तर चष्म्याच्या बाबतीत F हा 1/0.88 पटीने मोठा निघतो, म्हणून प्रतिमाही सुमारे 14 टक्क्यांनी मोठी. नैसर्गिक भिंग तर बुबुळाच्याही आत असते. त्याच्याशी तुलना केली की वाढ साधारण पाव हिश्शापर्यंत जाते. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला दोन डोळ्यांत दोन मापांची चित्रे दिसत आणि मेंदूला ती जुळवता येत नसत. दोन्ही चित्रे स्वतंत्रपणे स्पष्ट असत, त्यामुळे चष्म्याचा नंबर कितीही वेळा तपासला तरी त्यात चूक सापडत नसे.

चष्म्याचा नंबर बदलून हा फरक भरून निघत नाही, कारण नंबर बदलला की प्रतिमा दृष्टिपटलावरून सरकते. बदलायला उरतो तो फक्त d. 1949 मध्ये हॅरल्ड रिडली यांनी लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग डोळ्याच्या आतच बसवले आणि शक्ती पुन्हा जवळजवळ तिच्या मूळ जागी गेली. वरचे सगळे गणित पातळ भिंगांचे आहे. प्लस दहाचे खरे भिंग मधोमध चांगलेच जाड असते आणि त्या जाडीमुळे प्रतिमा आणखी थोडी वाढते. जाड भिंगाचे दोन पृष्ठभाग म्हणजे काचेने भरलेल्या फटीतली जोडीच, त्यामुळे d ला काचेच्या अपवर्तनांकाने भागले की हेच सूत्र तिथेही लागू पडते. पुढच्या आठवड्यात तेच करू.