‘अंतरा’ची तारीख चुकली तर?

सरकारी दवाखान्यांत मोफत मिळणारे ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, म्हणजे १३ आठवड्यांनी घ्यायचे असते. समजा, पहिले इंजेक्शन ५ एप्रिलला घेतले, तर पुढची तारीख ५ जुलै. गावाला जायचे असल्यास ते दोन आठवडे आधी, २१ जूनपासून घेता येते. उशीर झाला, तरी चार आठवड्यांची, म्हणजे २ ऑगस्टपर्यंतची सवलत असते. तोवर वेगळी खबरदारी लागत नाही.

त्यानंतर मात्र संरक्षण गृहीत धरू नये. या इंजेक्शनमुळे अनेकींची पाळी थांबते, त्यामुळे पाळीवरून गर्भधारणेचा अंदाज येत नाही. सवलतीनंतर असुरक्षित संबंध आला नसेल, तर इंजेक्शन लगेच मिळू शकते. आला असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावे. गर्भधारणा नाही याची खात्री करावी लागते. अगदी अलीकडच्या संबंधातून राहिलेला गर्भ लघवीच्या तपासणीत दिसत नाही, म्हणून ती काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागू शकते. संबंध येऊन ७२ तास उलटले नसतील, तर तातडीच्या गोळीबद्दलही विचारावे.

उशिरा घेतलेल्या इंजेक्शननंतर सात दिवस निरोध वापरावा. पुढची तारीख या नव्या दिवसापासून मोजावी.