एका शून्यामागचा हिशेब

डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंगच्या मायक्रोप्रोसेसरच्या पेपरात एक प्रश्न अनेकदा दिसतो: DS = 3A5CH, ऑफसेट = 1F48H, तर 8086 चा फिजिकल ॲड्रेस काढा. सेगमेंटला एक शून्य जोडायचे आणि ऑफसेट मिळवायचा, एवढे बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते. ते शून्य कुठून आले, हे मात्र थोड्यांनाच सांगता येते, आणि उत्तराचा खरा गाभा तर तिथेच आहे.

इंटेलने 8086 हा प्रोसेसर 1978 साली आणला. त्याची रजिस्टर 16 बिटांची होती. सोळा बिटांत 65,536 वेगवेगळे आकडे बसतात, म्हणजे एका रजिस्टरच्या जोरावर फार तर 64 केबी मेमरी हाताळता येते. चिपला ॲड्रेसच्या तारा मात्र 20 दिल्या होत्या आणि वीस तारांनी 1 एमबी मेमरीपर्यंत पोचता येते. चार बिटांचा हा तुटवडा भरून काढण्यासाठी पत्ता दोन रजिस्टरांत विभागला गेला. सेगमेंट रजिस्टर मेमरीतला एक आरंभबिंदू दाखवते आणि ऑफसेट त्या बिंदूपासूनचे अंतर सांगतो.

आरंभबिंदूही वीस बिटांचा हवा आणि सेगमेंट रजिस्टर तर सोळाच बिटांचे. म्हणून त्यातली किंमत चार बिट डावीकडे सरकवतात, म्हणजेच तिला 16 ने गुणतात. हेक्साडेसिमल पद्धतीत एक अंक चार बिटांचा असतो, त्यामुळे हा गुणाकार कागदावर शेवटी एक शून्य लिहून उरकतो. आकड्यापुढचे H ही हेक्साडेसिमलची खूण. इथला 10H म्हणजे दशमान पद्धतीतले सोळा. त्याला दहा समजले की सगळे गणित कोसळते.

```
DS x 10H         3A5C0H
+ offset          1F48H
-----------------------
physical address 3C508H
```

बेरीज उजवीकडून करावी. 0 आणि 8 मिळून 8. C म्हणजे बारा, त्यात चार मिळवले की सोळा होतात: 0 लिहायचे, हातचा 1. पाच, F चे पंधरा आणि हातचा एक मिळून एकवीस: 5 लिहायचे, पुन्हा हातचा 1. A चे दहा, खालचा एक आणि हातचा एक मिळून बारा, म्हणजे C. डावीकडचा 3 जसाच्या तसा खाली येतो. हातचा दहाला नाही, सोळाला येतो. सवयीने दहाला हातचा धरणाऱ्याचे उत्तर इथेच बिघडते. उत्तर पाच अंकी आले नाही, तर शून्य जोडायचे राहिले का, हे आधी पाहावे.

उत्तराखाली सेगमेंटची हद्द लिहिली तर ते भरीव होते. हा सेगमेंट 3A5C0H पासून 4A5BFH पर्यंत पसरलेला आहे आणि काढलेला पत्ता त्या हद्दीत बसतो. शिवाय सेगमेंट कोणता घ्यायचा, हेही पाहावे लागते. प्रोग्रामची पुढची सूचना CS आणि IP मधून मिळते, स्टॅकचा माथा SS आणि SP मधून. डेटासाठी साधारणपणे DS असतो, पण पत्त्यात BP वापरला की प्रोसेसर आपण होऊन SS घेतो. परीक्षकाने `MOV AL,[BP+4]` दिले आणि विद्यार्थ्याने DS धरला, तर बेरीज अचूक असूनही उत्तर चुकते.

सेगमेंटचे आरंभबिंदू दर सोळा बाइटांवर येतात आणि प्रत्येकाची पोच 64 केबी, त्यामुळे सेगमेंट एकमेकांवर चढतात. 3C50H सेगमेंट आणि 0008H ऑफसेट घेऊन पाहावे: 3C500H अधिक 8, म्हणजे पुन्हा 3C508H. पत्त्याच्या दोन जोड्या, बाइट मात्र तोच. म्हणून दोन पत्ते सारखे आहेत का, हे जोड्या पाहून ठरत नाही. आधी दोन्हींचे फिजिकल ॲड्रेस काढावे लागतात.

सेगमेंट FFFFH आणि ऑफसेट 0010H घेतले, तर बेरीज 100000H येते. हा आकडा एकवीस बिटांचा आहे. 8086 ला एकविसावी तार नाही, त्यामुळे डावीकडचा 1 गळून जातो आणि प्रोसेसर थेट 00000H वर, मेमरीच्या आरंभी पोचतो. पुढे 80286 ला 24 तारा मिळाल्या आणि तोच पत्ता खरोखर 1 एमबीच्या पलीकडे जाऊ लागला. जुने काही प्रोग्राम मात्र आरंभी परतण्यावर विसंबून होते. त्यांच्यासाठी आयबीएमने 1984 च्या पीसी एटीमध्ये एकविसावी तार, म्हणजे A20, बंद-चालू करण्याची सोय ठेवली आणि ते काम कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपच्या एका मोकळ्या पिनवर सोपवले.