तेलाचा डबा की साखरेचा?

लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड वाढलेलं दिसलं की घरात पहिला संशय तेलावर जातो. रक्तातली चरबी वाढली म्हणजे ताटातली चरबी वाढली असणार, हा तर्क साधा आहे, पण अर्धवट आहे. ट्रायग्लिसराइडचा मोठा वाटा यकृत स्वतः तयार करतं, आणि त्यासाठी त्याला गरजेपेक्षा जास्त साखर, मैदा, भात किंवा दारूही पुरते.

पन्नाशीतल्या एका नवऱ्याचा रिपोर्ट उदाहरणादाखल घेऊ: एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २६०. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत असावं, २०० च्या वर गेलं की ते जास्त समजतात. घरात माणसं दोन, आणि बोलणं ओट्यापाशी चाललेलं.

"अगं, उद्यापासून तेल बंद. भाजी नुसती उकडून कर."

"तेल बंद करून भूक भागणार आहे का? मग दोन वाट्या भात जास्त खाल. चहात साखर किती घेता ते आधी सांगा."

"दोन चमचे."

"आणि चहा?"

"चार वेळा."

आठ चमचे म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर, आणि चहाबरोबरची खारी, टोस्ट वेगळी. बायकोचा मुद्दा शास्त्राला धरून आहे. तेल एकदम तोडलं आणि त्याची जागा भात-पोहे-साबुदाण्याने भरली, तर ट्रायग्लिसराइड उतरण्याऐवजी चढू शकतं.

"मग गूळ घालू?"

"गूळ काय, मध काय, शरीराला साखरच ना!"

ठरलं ते असं: चहा दोनदा, साखर पाऊण चमचा आणि पंधरा दिवसांनी अर्धा, खारी-टोस्टऐवजी मूठभर फुटाणे. रात्रीच्या जेवणात भाताची एकच वाटी, तीही आमटी आणि पालेभाजी ताटात आल्यावर वाढायची. आधी भात वाढला की भाजी उरते, हे वाढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

"आणि शनिवारची बैठक?" या प्रश्नावर नवरा गप्प बसला. खरं तर हा प्रश्न पहिला विचारायला हवा होता, कारण दारूने ट्रायग्लिसराइड झपाट्याने वाढतं. रक्त द्यायच्या आदल्या रात्री घेतलेले दोन पेगही आकडा फुगवतात.

तेल मात्र निर्दोष सुटत नाही. ते किती लागतं याचा सगळ्यात खरा हिशेब वाण्याच्या यादीत असतो. या घरात महिन्याला तीन लिटर तेल येत होतं. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे माणशी रोजचं ४५ ग्रॅम. बैठं काम करणाऱ्याला २० ते २५ ग्रॅम पुरतं, म्हणून दोघांसाठी महिन्याला दीड लिटर. बाटलीतून थेट कढईत ओतलं तर हे जमत नाही. महिन्याचं तेल एक तारखेला वेगळ्या बरणीत काढायचं आणि फोडणीला मोजून दोन छोटे चमचे घ्यायचे.

"दोन चमच्यांत भेंडी खाली लागेल."

"जाड बुडाची कढई घ्यायची. भेंडी सोडून बाकी भाज्यांवर ताटलीत पाणी ठेवायचं, वाफेवर शिजतात. भेंडी उघडीच परतू, मंद आचेवर."

मोहरी तडतडायला तेल खोल लागत नाही, तापलेलं लागतं. कढई किंचित तिरकी धरली की दोन चमचे एका बाजूला जमतात आणि फोडणी नीट बसते. उरलेलं तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरायचं नाही, आणि वनस्पती तूप घरात आणायचं नाही, हेही त्याच संध्याकाळी ठरलं. ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि साजूक तूप यांचा संबंध मुख्यतः एलडीएलशी येतो. या रिपोर्टात हिशेबाने एलडीएल १२४ येतं: एकूणमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून. म्हणून वाटण आठवड्यातून एकदा ठेवलं, रोजचं नाही. हा हिशेब ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की विश्वासाचा राहत नाही.

फरक पडला का, हे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून कळतं. तपासणी त्याच लॅबमध्ये, दहा-बारा तास उपाशी राहून आणि आधीचे काही दिवस दारू न घेता करायची; नाहीतर दोन आकड्यांची तुलना होत नाही. खाणं खरोखर बदलूनही आकडा हलला नाही, तर साखर आणि थायरॉइड तपासावं लागतं, चालू औषधंही डॉक्टरांना दाखवावी लागतात. काही घराण्यांत हा दोष वारशानेच येतो. आकडा ५०० च्या पुढे असेल तर मात्र स्वयंपाकातल्या बदलांची वाट बघत बसायचं नाही. तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, आणि औषध लगेच सुरू करायचं की नाही ते डॉक्टर ठरवतात.